अंबपालीचे केस

थेरीगाथेत, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या पाली कवितांच्या संग्रहात, अंबपालीच्या एकोणीस गाथा आहेत आणि त्या केसांपासून सुरू होतात. माझे केस भुंग्यासारखे काळेभोर होते, टोकाशी कुरळे होते. म्हातारपणामुळे ते आता तागाच्या सालीसारखे झालेत. पुढच्या गाथेत पुन्हा केसच. फुलं माळलेले, सुगंधाच्या करंड्यासारखे दरवळणारे. आता त्यांना सशाच्या केसांचा वास येतो. मग भुवया, डोळे, नाक, कानांच्या पाळ्या, दात, आवाज, मान, दंड, हात. खाली खाली सरकत ती पावलांशी येते. कापूस भरल्यासारखी मऊ पावलं, आता भेगाळलेली आणि सुरकुतलेली. प्रत्येक गाथेचा शेवट एकाच चरणाने होतो : ‘सच्चवादिवचनं अनञ्ञथा’. सत्य बोलणाऱ्याचं वचन अन्यथा होत नाही.

या गाथांची ओळख करून देताना बहुतेक लोक त्यांचा दुसरा अर्धा भागच सांगतात, म्हणजे काय काय उतरलं, सुकलं, लोंबलं ते. मला मात्र पहिले अर्धे भाग जास्त महत्त्वाचे वाटतात. आपल्या भुवया चित्रकाराने रेखल्यासारख्या होत्या, डोळे रत्नासारखे तेजस्वी होते, आवाज वनराईतल्या कोकिळेसारखा होता, हे ती हातचं काही न राखता सांगते. ‘ते सगळं फसवं होतं, मी मूर्ख होते’ असं एकदाही म्हणत नाही. जे होतं ते सुंदरच होतं, आणि ते राहिलं नाही. ही दोन्ही वाक्यं ती शेजारी शेजारी ठेवते, आणि एकाने दुसऱ्याला खोटं पाडत नाही.

ही बाई कोण होती ते लक्षात घेतलं की हे किती अवघड आहे ते कळतं. अंबपाली वैशालीची गणिका. तिचं रूप हाच तिचा मान, तिची संपत्ती, तिचं नगरातलं स्थान. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकीगत सांगणाऱ्या महापरिनिब्बानसुत्तात तिचा एक प्रसंग आहे. बुद्धांना उद्याच्या भोजनाचं निमंत्रण देऊन ती परतत असते आणि समोरून लिच्छवी राजपुत्रांचे रथ येतात. ती आपला रथ त्यांच्या रथांना चाकाला चाक, आसाला आस घासत नेते. काय झालंय ते कळल्यावर लिच्छवी म्हणतात, लाख घे आणि हे भोजन आम्हाला दे. ती सांगते, सगळ्या प्रदेशासकट वैशाली दिलीत तरी देणार नाही. असल्या ताठ कण्याची बाई म्हातारपणी स्वतःच्या दातांचा पिवळेपणा मोजते. मला त्यात रडणं ऐकू येत नाही आणि सूड घेतल्याचं समाधानही नाही. हिशेब तपासणाऱ्या माणसाचा सूर आहे तो.

भिक्षूंच्या परंपरेत हाच हिशेब शिस्तीने शिकवला जातो. प्रव्रज्या, म्हणजे संन्यासदीक्षा, देताना नव्या मुलाचं डोकं भादरतात तेव्हा त्याला पाच शब्द देतात : केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो. केस, अंगावरची लव, नखं, दात, त्वचा. हे शब्द सुलट म्हणायचे, मग उलट म्हणायचे. हे पाचच का, याचं उत्तर सोपं आहे. माणूस पाहिला म्हणजे आपण खरं तर एवढंच पाहिलेलं असतं. ज्याला आपण रूप म्हणतो ते सगळं या पाचांत संपतं. पुढे ही यादी वाढून बत्तीस भागांची होते, त्यात हाडं, मूत्रपिंड, पित्त, लाळ असं सगळं येतं. पण दारात उभे राहतात ते हे पाचच.

पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष या भिक्षूने ‘विसुद्धिमग्ग’ हा साधनेवरचा ग्रंथ लिहिला, त्यात या प्रत्येक भागाकडे कसं पाहायचं ते दिलंय : रंगाने, आकाराने, वासाने, तो कुठून उगवतो त्यावरून आणि कुठे असतो त्यावरून. केसांबद्दलचं त्याचं उदाहरण एकदा वाचलं की विसरता येत नाही. पेजेच्या किंवा भाताच्या भांड्यात केसासारखं काही दिसलं, तर ते अन्न कितीही मनाजोगं असो, माणूस म्हणतो, ‘यात केस आहे, घेऊन जा हे.’ केस तोच. डोक्यावर होता तेव्हा त्याच्यावर कविता होत होत्या. थाळीत आला आणि ओकारी आली. केसात सौंदर्य भरलेलं असतं तर ते थाळीत उतरतानाही त्याच्याबरोबर आलं असतं. म्हणजे ते जागेत, मांडणीत आणि पाहणाऱ्याच्या अपेक्षेत असतं. ‘शरीर घाण आहे’ असं सिद्ध करण्यापेक्षा हे कितीतरी सूक्ष्म आहे. पाहताना आपण तुकड्यांची बेरीज करून त्यावर एक शिक्का मारतो. हा अभ्यास बेरीज सोडवून दाखवतो, म्हणजे शिक्का सुटा दिसतो.

याच ग्रंथात महातिस्स नावाच्या एका थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, गोष्ट आहे. ते भिक्षेसाठी अनुराधपुराकडे निघालेत. नवऱ्याशी भांडून, नटूनथटून माहेरच्यांकडे निघालेली एक स्त्री वाटेत त्यांना पाहून हसते. थेरांना तिचे दात दिसतात, दातांवरून हाडांची संज्ञा जागी होते आणि ते तिथेच अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, होतात. मागून नवरा येतो, विचारतो, इकडून कोणी बाई गेली का? ते म्हणतात, बाई की पुरुष ते माहीत नाही, एक हाडांचा सांगाडा मात्र या रस्त्याने गेला. गोष्ट चटकदार आहे. पण दर वेळी मला त्या बाईचं पुढे काय झालं असा प्रश्न पडतो. या वाङ्मयात पुष्कळदा पाहणारा पुरुष असतो आणि सोडवलं जाणारं शरीर बाईचं. अंबपालीच्या गाथा वेगळ्या वाटतात त्या याचसाठी. तिने दुसऱ्या कुणाच्या सौंदर्याला हात लावलेला नाही.

आता या औषधाची दुसरी बाजू. तीही वैशालीतच घडली, आणि मूळ ग्रंथांनी ती लपवलेली नाही. महावनातल्या कूटागारशाळेत बुद्धांनी भिक्षूंना अशुभभावनेची, म्हणजे शरीराचं अनाकर्षक रूप पाहण्याच्या अभ्यासाची, परोपरीने महती सांगितली. मग ते पंधरा दिवस एकांतात गेले. भिक्षा आणून देणाऱ्याखेरीज कुणी यायचं नाही, अशी आज्ञा होती. परत आले तर संघ विरळ दिसला. आनंदाला विचारलं. कळलं ते असं, की भिक्षूंनी तो अभ्यास मनापासून केला, त्यांना आपल्याच शरीराची शिसारी आली आणि त्यातल्या कित्येकांनी जीव दिला. भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात, त्यांच्या मनःस्थितीला उपमा दिलीय : नुकतंच न्हालेल्या, नटण्याची आवड असलेल्या तरुणाच्या गळ्यात कुणी मेलेला साप अडकवावा, तसं त्यांना स्वतःचं शरीर वाटू लागलं. बुद्धांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवणं, शिकवली.

त्या उपमेत मला एक गोष्ट खटकते आणि तीच कामाची आहे. किळस येते कुणाला? नटण्याची आवड असलेल्या तरुणाला. साप उतरवून फेकायचाय, कारण नटलेलं अंग अजून हवंय. म्हणजे शिसारी हे वैराग्य नव्हेच. ती हौसच आहे, उलटी फिरलेली. सुंदर दिसलंच पाहिजे हा आग्रह जागचा हलला नाही, फक्त आता निकाल विरुद्ध लागला.

याचा उलगडा राजगृहातल्या एका छोट्या सुत्तात आहे. वेळुवनात सोण नावाच्या गृहस्थाच्या मुलाला बुद्ध सांगतात : जे रूप अनित्य आहे, दुःख आहे, बदलणारं आहे, त्याच्या आधाराने कोणी ‘मी श्रेष्ठ आहे’ असं पाहतो, कोणी ‘मी बरोबरीचा आहे’ असं पाहतो, कोणी ‘मी हीन आहे’ असं पाहतो, तर हे गोष्टी जशा आहेत तशा न पाहण्याखेरीज दुसरं काय आहे? यात तिसरं ‘हीन’ आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे ‘मी काय, साधीच’ म्हणणाऱ्या बाईला लोक विनयशील समजतात. पाली परंपरा तिला मानाच्याच, म्हणजे अहंकाराच्याच, खात्यात टाकते. गर्विष्ठ आणि न्यूनगंडाने पछाडलेली, दोघीही एकच पट्टी हातात धरून उभ्या असतात. एकीला मापात जास्त मिळालं, एकीला कमी. आणि ज्या वस्तूचं माप घेतलं जातंय ती माप घेताघेताच बदलतेय.

पण रोगाचं मूळ एक म्हणून औषध एक, असं नाही. विसुद्धिमग्गात कर्मस्थानं, म्हणजे ध्यानाचे विषय, स्वभावानुसार वाटून दिलीत. रागचरित, म्हणजे आसक्तीकडे झुकणाऱ्या माणसाला अशुभाचे प्रकार आणि शरीराच्या भागांचा अभ्यास. द्वेषचरित माणसाला, ज्याचं मन पटकन दोष काढतं, चिडतं, नाकारतं, त्याला मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चार ब्रह्मविहार आणि निळा, पिवळा, लाल, पांढरा ही चार रंगांची कसिणं, म्हणजे नजर लावून ध्यान करायच्या वस्तू. बुद्धघोष इथेच थांबत नाही. आसक्त माणसाने राहायला कुरूप, पडकी जागा घ्यावी, भिक्षापात्र बेढब असावं, चीवर कडा उसवलेलं असावं. द्वेषी माणसाची जागा मात्र नीटनेटकी, चित्रांनी आणि फुलांनी सजवलेली असावी, पात्र घाटदार असावं, चीवर मऊ आणि चांगल्या रंगाचं असावं. हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचते. ज्याला स्वतःचा तिटकारा आहे त्याच्यासमोर हा कडक संन्यासी फुलं ठेवायला सांगतोय! आणि मैत्रीभावनेची सुरुवातही स्वतःपासून करायला सांगतोय : मी सुखी होवो, मला दुःख नसो.

म्हणून ‘रूप काय, आज आहे उद्या नाही’ हे वाक्य कुणाला ऐकवायचं याला महत्त्व आहे. आपल्या रूपावर खूश असलेल्याला ते जमिनीवर आणतं. मुरुमांमुळे घराबाहेर पडायला लाजणाऱ्या मुलीला तेच सांगितलं तर ती मनात म्हणते, माझ्याकडे तर आजही नाही. तिच्या दुखण्याला ते वाक्य स्पर्शच करत नाही.

अशा मुलीसाठी मला स्टोइकांकडे, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या एका पंथाच्या तत्त्वज्ञांकडे, जास्त सापडतं. त्यांच्यातला एपिक्टेटस मुळात गुलाम होता, पायाने अधू होता. रोममधून सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा तो ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर निकोपोलिसला गेला आणि तिथे शिकवू लागला. त्याच्या शिष्याने, आरियनने, उतरवून ठेवलेल्या प्रवचनांत एक अख्खं प्रकरण नटण्यावर आहे. वक्तृत्व शिकणारा एक तरुण त्याच्याकडे येतो, केसांची भारी रचना केलेली, कपडे झगमगीत. एपिक्टेटस त्याला विचारतो, काही कुत्रे सुंदर असतात ना? काही घोडे? मग कुत्रा कशाने सुंदर होतो? कुत्र्याचे गुण असल्याने. घोडा घोड्याच्या गुणांनी. मल्लाला जे सुंदर करतं तेच धावपटूला हास्यास्पद करेल. मग माणसाला सुंदर काय करेल? तू निष्पक्षपणे कुणाची स्तुती करतोस ते पाहा, न्यायी माणसाची की अन्यायी माणसाची? तू मांस नाहीस, केस नाहीस. तू आहेस तुझी निवडशक्ती. ती सुंदर केलीस की तू सुंदर होशील.

वरवर पाहता हे गुळगुळीत वाटतं. ‘खरं सौंदर्य आतलं’ हे काय नवीन? पण युक्तिवादाची चाल पाहा. तो सौंदर्याचा शब्द सोडून देत नाही. सुंदर व्हावंसं वाटणं चूक आहे असं म्हणत नाही. दुसऱ्या एका प्रकरणात तर तो सांगतो, की तत्त्वज्ञान शिकायला केस विस्कटलेला, घाणेरडा तरुण येण्यापेक्षा केस सजवलेला आलेला मला आवडेल. त्याच्यात सौंदर्याची काहीतरी कल्पना दिसते, शोभण्याची ओढ दिसते. त्याला एवढंच सांगायचं उरतं, की बाळ, तू सुंदर गोष्ट शोधतोयस हे चांगलंच आहे, ती तुझ्या विवेकाच्या जागी शोध. चिखलाने माखलेल्या माणसाला मी कुठून सुरुवात करून सांगू?

स्टोइकांच्या हिशेबात सौंदर्य वाईट नाही. आरोग्य, बळ यांच्याच यादीत ते बसतं : मिळालं तर घ्यावं, निवडायची वेळ आली तर कुरूपतेपेक्षा ते निवडावं, पण आपलं भलंबुरं त्यावर टांगू नये. एपिक्टेटसचा घोड्याचा दाखला याच मुद्द्यावर आहे. घोडा फुशारून ‘मी सुंदर आहे’ म्हणाला तर चालेल. तू ‘माझा घोडा सुंदर आहे’ म्हणून फुगतोस तेव्हा घोड्याच्या गुणावर फुगतोस. त्यात तुझं काय? मनात उठणाऱ्या प्रतिमांचा तू वापर कसा करतोस, तेवढंच तुझं.

दुसरा स्टोइक मार्कस ऑरेलियस, त्याच्या टिपणांत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तुकडे पाडण्याची रीत अगदी विसुद्धिमग्गासारखी दिसते. जांभळा राजवेष म्हणजे शिंपल्यातल्या प्राण्याच्या रक्तात बुडवलेली मेंढीची लोकर. उंची मद्य म्हणजे द्राक्षांचा रस. हे लिहिणारा माणूस स्वतः तो वेष घालणारा सम्राट होता, म्हणजे सुरी त्याने स्वतःवरच चालवलेली आहे. पण त्याच वहीत आणखी एक टिपण आहे आणि मला ते जास्त प्रिय आहे. भाजताना पावाला वरून भेगा पडतात. भटाऱ्याने काही त्या मुद्दाम पाडलेल्या नसतात, तरी त्या डोळ्याला बऱ्या वाटतात, भूक वाढवतात. अंजीर अगदी पिकलं की उलतं. सडण्याच्या काठावर आलेल्या ऑलिव्हला एक वेगळीच शोभा असते. ज्याची नजर निसर्गाच्या कामकाजात मुरली आहे त्याला वृद्ध स्त्रीत आणि वृद्ध पुरुषातही एक पक्वता, एक बहर दिसेल, असं तो लिहितो. बौद्ध अभ्यास सुंदराचे तुकडे पाडतो. इथे मार्कस उलट्या दिशेने येऊन झिजलेल्याला पुन्हा पूर्ण करतो. आणखी एका ठिकाणी तो विचारतो, कुणी वाखाणलं नाही म्हणून पाचू कमअस्सल होतो का?

मी हे सगळं वापरते कसं, ते एका साध्या प्रसंगावरून सांगते. एखाद्या समारंभाचा गटफोटो फोनवर येतो. सगळ्यात आधी मी स्वतःला शोधते, सगळेच शोधतात. मग दोन बोटांनी चित्र मोठं करते. भांग रुंद झालाय. हनुवटीखाली कातडी सैल झालीय. आणि मग मिनिटभरात डोळा शेजारच्या चेहऱ्यांवर फिरून येतो : हिच्यापेक्षा मी बरी, तिच्यापुढे काहीच नाही, ही साधारण माझ्यासारखीच. सोणाला सांगितलेले तिन्ही मान एका फोटोत उरकतात. इथे मी पहिली गोष्ट करते ती अंबपालीसारखं दोन अर्धांत वाक्य म्हणण्याची. केस दाट होते. आता भांग रुंद आहे. दोन्ही खरं, दोन्ही माहिती. ‘मी भयंकर दिसते’ हे यातलं कुठलंच वाक्य नाही, ते मी चिकटवलेलं आहे, हे वेगळं दिसायला एवढं पुरतं. मग मापाची पट्टी शोधते. ती कुणाची आहे? बहुतेक वेळा ती दहा वर्षांपूर्वीच्या माझीच निघते, आणि तिच्याशी स्पर्धा लावण्यात काही अर्थ नाही, ती कधीच निघून गेली. त्यानंतर एपिक्टेटसचा प्रश्न : त्या दिवशी माझं असं काय होतं? कुणाशी नीट बोलले, कुणाला टाळलं? फोटोत ते येत नाही, पण लाजायचं किंवा खूश व्हायचं तर त्याच्यावर व्हावं.

तुकडे पाडण्याचा अभ्यास मी फक्त एकाच परिस्थितीत करते, फोटो छान आलेला असतो आणि तो पुन्हा पुन्हा उघडून बघावासा वाटतो तेव्हा. केस, लव, नखं, दात, त्वचा. सुलट, मग उलट. ओढ सैल होते. मन आधीच स्वतःवर नाराज असेल तर या यादीला हात लावत नाही. तेव्हा फोन खाली ठेवून श्वास किंवा मैत्री. अभ्यास बरोबर चाललाय की नाही हे ओळखायची खूणही साधीच आहे : आरशासमोरचा वेळ आपोआप कमी होत असेल आणि लोकांत मिसळणं सोपं जात असेल तर ठीक. चेहरा पुन्हा पुन्हा तपासला जात असेल, किंवा आरसा, फोटो, माणसं हे सगळंच टाळलं जात असेल, तर वैशालीच्या त्या भिक्षूंच्या वाटेला पाय लागलाय.

ही तपासणी आणि टाळाटाळ रोज तास तास चालत असेल, दुसऱ्यांना जेमतेम दिसणारं एखादं व्यंग दिवसभर डोक्यात घोळत असेल, तर त्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. त्यावर मानसोपचार आहेत, औषधं आहेत. तिथे मार्कसची टिपणं वाचत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. बुद्धघोषानेही कर्मस्थान आपल्या मनाने उचलायला सांगितलेलं नाही. ते देणारा कल्याणमित्र शोधावा, त्याच्याजवळ राहावं, त्याला आपला स्वभाव ओळखू द्यावा आणि मग तो देईल ते घ्यावं, असा त्याचा क्रम आहे.